कोलेस्टेरॉलच्या गोळीनंतर अंग दुखणे आणि ताकद जाणे : किती दिवस वाट पाहावी, डॉक्टरांना कधी सांगावे?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार. माझी आई 64 वर्षांची असून तासगाव तालुक्यात गावी राहते. तिचे वजन जेमतेम 47 किलो आहे. सुमारे दोन महिन्यांपूर्वी तिच्या छातीत दुखू लागल्याने मिरजेत अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवावा लागला. घरी सोडताना तिला रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या, रक्तदाबाची एक गोळी आणि रात्री घ्यायची अटॉर्वास्टॅटिन 40 अशी औषधे लिहून देण्यात आली. त्यापूर्वी तिने कोलेस्टेरॉलसाठी कोणतेही औषध घेतलेले नव्हते.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिच्या दोन्ही मांड्या आणि पोटऱ्या ठणकू लागल्या. दवाखान्यातून आल्यावर चालणे वाढवले आहे, त्यामुळे दुखत असेल, असे आम्हा सर्वांना वाटले. गेल्या आठवड्यापासून मात्र चित्र निराळे दिसते. तिला पाटावरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो, एसटीची पायरी चढताना मागून कोणीतरी हात द्यावा लागतो, आणि अंबाडा घालण्यासाठी वर केलेले हात मध्येच खाली येतात. दुखणे पूर्वीइतकेच आहे, ताकद मात्र कमी झाली आहे, असे ती स्वतः सांगते.

गावात दोन मते ऐकू येतात. काहींच्या मते सर्व गोळ्या आजच बंद कराव्यात, तर काहींच्या मते हे औषध अंगवळणी पडेपर्यंत असा त्रास होतच असतो. हृदयरोगतज्ज्ञांकडे पुढची तारीख अजून तीन आठवड्यांनी आहे. तोपर्यंत थांबणे योग्य ठरेल काय?

शंतनू मिरज

दादा, घाबरून जाऊ नका. माझे वडील आणि काका दोघेही हीच गोळी घेतात आणि दोघांनाही सुरुवातीला पायांत गोळे येत असत. स्टॅटिन गटातील औषधांनी स्नायू दुखतात हे सर्वश्रुत आहे, आणि बहुतेकांचा हा त्रास सौम्य असतो व आपोआप कमी होतो. शरीरातील कोएन्झाइम क्यू-टेन कमी झाल्यामुळे हे घडते. त्याच्या कॅप्सूल मिळतात, त्या सुरू करा आणि आईंना थोडा आराम द्या. दीड-दोन महिन्यांत फरक पडेल.

अजिंक्यतारा (सातारा)

माझा अनुभव सांगतो. मी रोसुवास्टॅटिन 10 घेतो आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरच्या घाटात धावण्याचा सराव करतो. मागच्या महिन्यात रविवारी लांब पल्ल्याची धाव घेतली आणि मंगळवारी नेहमीची रक्ततपासणी केली, तेव्हा स्नायूंना झालेली इजा दाखवणारा सीपीके 900 च्या वर आला. आमच्या डॉक्टरांनी गोळी ताबडतोब बंद करण्यास सांगितले. मला मात्र कसलाही त्रास नव्हता. त्यामुळे तुमच्या आईंनीही एकाएकी चालणे वाढवले असेल, तर ते आधी कमी करून पाहावे असे वाटते. व्यायामानेही हे सर्व होते.

कोयनाकाठ (कराड)

मी कराडमध्ये अनेक वर्षे फिजिशियन म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. विश्रामबागकर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तीन आठवडे थांबू नये, तीन दिवसही थांबू नये. आईंना आज, फार तर उद्या सकाळी, डॉक्टरांना दाखवा.

याचे कारण तुमच्याच लिखाणात आहे. दुखणे आणि ताकद जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या औषधाच्या बाबतीत त्यांचे वजन सारखे नाही. दोन्ही बाजूंच्या मांड्या, नितंब, पोटऱ्या किंवा खांदे ठणकणे, अंग जड वाटणे, तेही गोळी सुरू केल्यापासून किंवा तिचा डोस वाढवल्यापासून पहिल्या चार ते बारा आठवड्यांत, एवढेच असेल आणि माणूस नेहमीची कामे करीत असेल, तर दोन-चार दिवसांत डॉक्टरांना फोन करून सांगणे पुरेसे असते. परंतु पाटावरून उठता न येणे, पायरी न चढता येणे आणि हात डोक्याच्या वर न टिकणे ही कमरेजवळच्या व खांद्याजवळच्या मोठ्या स्नायूंची शक्ती खरोखर घटल्याची चिन्हे आहेत. ती ‘अंगवळणी पडतील’ म्हणून सोडून देण्याची नसतात.

एक गोष्ट आत्ताच पाहून घ्या. आईंच्या लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला आहे काय, किंवा लघवीचे प्रमाण कमी झाले आहे काय? स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटल्या की त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडावर भार येतो. तसे असेल तर उद्याचीही वाट न पाहता रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या. सोबत ताप, उलट्या किंवा बरळणे असेल तरीही हेच लागू आहे.

दुसरी गोष्ट मी तितक्याच आग्रहाने सांगतो. ‘सर्व गोळ्या बंद करा’ हा गावातला सल्ला कृपया ऐकू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या ज्या दोन गोळ्या आहेत, त्या स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अचानक थांबवल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. या क्षणी शंका आहे ती एका गोळीवर. तुम्ही लिहिलेली लक्षणे पाहता अटॉर्वास्टॅटिनचा आज रात्रीचा डोस थांबवण्यास बहुधा तुमचे डॉक्टरही सांगतील. पण तसे फोनवर त्यांच्याकडूनच विचारून घ्या आणि बाकीच्या गोळ्या चालू ठेवा.

औषधी सातारा

डॉक्टरसाहेबांशी मी सहमत आहे. माझे साताऱ्यात औषधांचे दुकान आहे आणि काउंटरवर उभे राहून जे दिसते त्यावरून एक प्रश्न विचारतो. अँजिओप्लास्टीनंतर आईंनी दुसऱ्या कोणत्या डॉक्टरांकडून काही औषध आणले आहे काय? खोकल्यासाठी, दातासाठी, त्वचेसाठी, कशासाठीही. दवाखान्याच्या चिठ्ठीवर नसलेली, पण घरात असलेली प्रत्येक पट्टी एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. आयुर्वेदिक म्हणून आणलेल्या पुड्याही त्यात असू द्या.

अटॉर्वास्टॅटिन यकृतातील ज्या विकराद्वारे मोडले जाते, तेच विकर दाबून टाकणारी काही औषधे असतात. ती सोबत घेतली गेली की 40 ची गोळी शरीरात त्याहून बऱ्याच मोठ्या डोससारखी वागू लागते. क्लॅरिथ्रोमायसिन हे त्यांतले एक. आपल्या भागात मला जास्त दिसते ते दुसरेच आहे, म्हणून विचारतो : आईंना नायटा वगैरे झाला होता काय?

विश्रामबागकर

आपण सर्वांनी इतक्या तत्परतेने लिहिलेत याबद्दल आभारी आहे. लघवीचा रंग नेहमीसारखा आहे आणि तापही नाही. हृदयरोगतज्ज्ञांच्या सहायकांशी फोनवर बोलणे झाले. त्यांनी अटॉर्वास्टॅटिन आजपासून थांबवण्यास व उद्या सकाळी आठ वाजता येण्यास सांगितले. इतर गोळ्या चालू ठेवायच्या आहेत.

औषधी सातारा, तुमच्या प्रश्नाने मी चकित झालो. आईला कमरेच्या घडीत आणि मांडीवर नायटा झालेला आहे. बाजारच्या दिवशी ती तालुक्याच्या गावी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी मलम आणि इट्राकोनाझोल 100 च्या कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ चार आठवडे घेण्यासाठी दिल्या. त्या सुरू होऊन तीन आठवडे होत आले. हृदयाच्या गोळ्यांची फाईल घरीच राहिली होती आणि तिथे कोणी विचारलेही नाही, असे ती म्हणते.

औषधी सातारा

मला तेच विचारायचे होते. उन्हाळा आणि पावसाळ्यात नायट्याच्या रुग्णांना इट्राकोनाझोल आठवडेच्या आठवडे दिले जाते. ते औषध नायट्यासाठी उपयुक्तच आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण सिम्वास्टॅटिनसोबत ते देऊच नये आणि अटॉर्वास्टॅटिनसोबत द्यावेच लागले तर अटॉर्वास्टॅटिनचा डोस दिवसाला 20 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे माहितीपत्रकात छापलेले असते. आईंचा डोस त्याच्या दुप्पट होता. त्या कॅप्सूलची उरलेली पट्टी उद्या नक्की दाखवा. इट्राकोनाझोल बंद केल्यावरही त्याचा परिणाम आठ-पंधरा दिवस रेंगाळतो, म्हणून ते नेमके कधी सुरू झाले ती तारीखही लिहून न्या.

शंतनू मिरज

म्हणजे दोष गोळीचा नसून दोन औषधांच्या मिश्रणाचा आहे, असे म्हणायचे काय? मग माझ्या वडिलांना एकच गोळी असूनही पाय का दुखत होते?

कोयनाकाठ

शंतनू, तुमच्या पहिल्या प्रतिसादातला अर्धा भाग बरोबर होता, म्हणून सविस्तर लिहितो. बहुतेकांचा त्रास सौम्य असतो आणि तो निघून जातो, हे खरे आहे. मात्र गोळी घेताना झालेली प्रत्येक अंगदुखी गोळीमुळेच होते, हे खरे नाही. खऱ्या गोळीची आणि हुबेहूब तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण 2022 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. त्यात स्टॅटिन घेणाऱ्यांनी केलेल्या स्नायूदुखीच्या तक्रारींपैकी पंधरांतली सुमारे एकच खुद्द औषधामुळे असल्याचे दिसले. औषधामुळे होणारी जादा दुखी प्रामुख्याने पहिल्या वर्षातच आढळली. साठीतल्या माणसाचे पाय दुखण्याला गुडघे, कंबर, मधुमेह, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता अशी इतरही कारणे असतात.

लंडनमध्ये झालेला एक छोटा अभ्यासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना चार महिने खरी गोळी, चार महिने निष्क्रिय गोळी आणि चार महिने कोणतीच गोळी नाही, असे महिन्यांचा क्रम उलटसुलट करून देण्यात आले. कोणती बाटली खऱ्या गोळीची हे त्यांना माहीत नव्हते. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जितका त्रास नोंदवला गेला, त्याच्या सुमारे 90 टक्के त्रास निष्क्रिय गोळीच्या महिन्यांतही नोंदवला गेला. आपले आलेख पाहून त्यांतल्या निम्म्या लोकांनी पुढे स्टॅटिन पुन्हा सुरू केले. त्यांचे दुखणे खोटे होते असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. दुखणे खरेच असते, त्रास होईल या धास्तीनेही ते जाणवते.

कोएन्झाइम क्यू-टेनबद्दल बोलायचे तर त्यावर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत, आणि स्टॅटिनच्या दुखण्यावर ते ठरवून द्यावे इतका भक्कम पुरावा नाही. वडिलांना बरे वाटत असेल तर माझा विरोध नाही. पण ताकद गेलेल्या माणसाने त्या कॅप्सूलवर दीड महिना काढणे धोक्याचे ठरले असते.

तुमच्या वडिलांचे दुखणे एकाच पायात होते की दोन्ही? सांध्यात होते की मांसल भागात? एका खांद्याचे, एका गुडघ्याचे, कमरेतून एका पायात उतरणारे दुखणे बहुधा या गोळीचे नसते.

शंतनू मिरज

दोन्ही पोटऱ्यांत, तेही रात्री झोपेत गोळे येत असत. सकाळी काही नसायचे.

कोयनाकाठ

रात्रीचे गोळे उतारवयात गोळी न घेणाऱ्यांनाही येतात, त्यामुळे त्यावरून निश्चित काही सांगता येणार नाही.

अजिंक्यतारा

डॉक्टरसाहेब, माझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. सीपीके 900 म्हणजे गोळी बंद करणे आवश्यक होते काय?

कोयनाकाठ

तुमचे प्रकरण विश्रामबागकरांच्या आईंपेक्षा अगदी वेगळे आहे. त्या ताकद हरवून बसल्या आहेत आणि तुमची ताकद शाबूत आहे. घाटात लांब धावल्यावर दोन दिवसांनी रक्त दिले, तर कोणतेही औषध न घेणाऱ्या तरुणाचाही सीपीके 900 येऊ शकतो. सीपीके हे स्नायूंच्या पेशींतून बाहेर पडणारे विकर आहे. ते व्यायामाने वाढते, पडण्याने वाढते, दंडात वा कमरेत घेतलेल्या इंजेक्शननेही वाढते. आठवडाभर धावणे थांबवून तपासणी पुन्हा करणे, ही माझी पहिली पायरी असती. आकडा कमाल मर्यादेच्या दहापट झाला असता, किंवा त्याहून कमी आकड्यावर अशक्तपणा जाणवला असता, तर मीही गोळी थांबवली असती. तुमच्या डॉक्टरांनी सावधगिरी बाळगली त्याला मी चूक म्हणणार नाही, कारण ते तुम्हाला समोर पाहत होते आणि मी पाहत नाही. मात्र फेरतपासणी न करता कायमचे औषध सोडू नका.

कृष्णामाई वाई

माझी माहिती उपयोगी पडेल असे वाटते. मला 52 व्या वर्षी वाढलेल्या कोलेस्टेरॉलसाठी रोसुवास्टॅटिन सुरू झाले आणि महिन्याभरात अंग इतके दुखू लागले की कणीक मळताना हात थकून जात. आमच्या डॉक्टरांनी सीपीकेसोबत थायरॉइडची तपासणी करायला लावली. टीएसएच 38 निघाला. थायरॉइड मंदावल्यामुळे कोलेस्टेरॉल वाढले होते आणि त्यामुळेच स्नायूही दुखत होते, असे त्यांनी समजावले. थायरॉइडची गोळी लागू पडल्यावर दुखणे थांबले आणि कोलेस्टेरॉलही बरेच उतरले. आज मी कोलेस्टेरॉलची गोळी कमी डोसमध्ये घेते व काही त्रास नाही. दादा, उद्या रक्त काढतील तेव्हा ही तपासणी यादीत आहे काय हे विचारा. आमच्या घरी बायकांच्या दुखण्याला ‘वय झाले’ म्हणून सोडून देण्याची सवय होती, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

कोयनाकाठ

ताई, तुम्ही अत्यंत महत्त्वाची गोष्ट लिहिली आहे. स्टॅटिन सुरू करण्यापूर्वीच टीएसएच पाहणे इष्ट असते. मंद थायरॉइडमध्ये स्नायूंना अपाय होण्याची शक्यताही वाढते. वय, कमी वजन, स्त्री असणे, मूत्रपिंडाचा आजार या इतर गोष्टींनीही ती वाढते, आणि विश्रामबागकरांच्या आईंच्या बाबतीत त्यांतल्या पहिल्या तीन लागू आहेत.

विश्रामबागकर

काल दिवसभर दवाखान्यात होतो म्हणून उशिरा लिहितो आहे. डॉक्टरांनी आईला हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून उठायला सांगितले. तिला ते जमले नाही. पंजाची पकड मात्र चांगली होती आणि पायाची बोटे वर-खाली होत होती. मग रक्त घेतले. सीपीके 3,940 आला. त्या प्रयोगशाळेची स्त्रियांसाठीची कमाल मर्यादा 145 आहे, म्हणजे सुमारे 27 पट. क्रिएटिनिन 0.9, पोटॅशियम नेहमीचे, लघवीत दोष नाही, टीएसएच 3.1.

अहवालात एसजीओटी 168 आणि एसजीपीटी 74 असेही आले आहे. ते पाहून आमच्या एका नातेवाइकांनी कावीळ झाल्याचे निदान केले आणि गावठी औषध आणायला माणूसही पाठवला. हे आकडे खरोखर यकृताचे आहेत काय?

डॉक्टरांनी अटॉर्वास्टॅटिन व इट्राकोनाझोल दोन्ही बंद करून, सलाइन व निरीक्षणासाठी दोन दिवस ठेवून घेतले आहे. स्टेंटच्या गोळ्या चालू आहेत.

कोयनाकाठ

माणूस परत बोलवा आणि गावठी औषध देऊ नका. त्यात काय असेल कोणालाही सांगता येत नाही आणि आईंच्या शरीराला या घडीला आणखी एक अनोळखी पदार्थ नको आहे. एसजीओटी यकृतात असते तसेच स्नायूंतही असते. स्नायू दुखावले की ते वाढते आणि सहसा एसजीपीटीपेक्षा अधिक वाढते. बिलिरुबिन नेहमीचे असेल आणि सीपीके इतका चढलेला असेल, तर हे आकडे स्नायूंचेच समजावेत. सीपीके उतरला की मागोमाग तेही उतरतील.

मूत्रपिंड सुरक्षित आहे ही सर्वांत चांगली बातमी आहे. आईंची अवस्था, म्हणजे अशक्तपणा आणि दहापटीच्या वर गेलेला सीपीके, नेहमीच्या डोसवर वर्षाला दहा हजारांत एखाद्यालाच गाठते. सोबत इट्राकोनाझोल नसते तर कदाचित तिसऱ्या आठवड्यातील ठणक्यावरच हे थांबले असते. पण हा माझा तर्क आहे, सिद्ध करता येणार नाही.

आता पाहायचे ते आकड्याची दिशा. दोन्ही औषधे बंद झाल्यावर सीपीके आठवड्याभरात स्पष्टपणे उतरायला हवा आणि काही आठवड्यांत ताकद परतायला हवी. तसे झाले नाही, औषध बंद करूनही अशक्तपणा वाढतच गेला, तर एका विरळ आजाराचा विचार करावा लागतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायूंवर उलटते आणि गोळी थांबवल्यावरही थांबत नाही. त्यासाठी एचएमजीसीआर प्रतिपिंडांची रक्ततपासणी असते आणि उपचार वेगळे, प्रतिकारशक्ती दाबणारे असतात. आत्ताच त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. फेरतपासणीची तारीख मात्र चुकवू नका.

औषधी सातारा

एक विनंती. बरे वाटल्यावर ही घटना औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय नोंदणीत जाईल असे पाहा. भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाचा निःशुल्क दूरध्वनी 1800-180-3024 आहे. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतःही नोंद करू शकतात. दोन्ही औषधांची नावे, डोस, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा आणि सीपीकेचे आकडे एवढे जवळ असले की पुरे. कोणावर कारवाई व्हावी यासाठी ही नोंद नसते. अशा जोड्या किती वेळा अपाय करतात, ते त्यातून कळते.

विश्रामबागकर

आई घरी आली. आठवड्याने केलेल्या तपासणीत सीपीके 610 आला. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात 130. पाटावरून उठताना ती अजून एक हात टेकते, पण अंबाडा स्वतः घालते आणि माडीवर चढून जाते. एसजीओटीही नेहमीच्या मर्यादेत आले आहे. दूरध्वनीवरून नोंद केली, त्यांनी सर्व तपशील शांतपणे विचारून घेतले.

आता घरात वाद आहे. हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात की स्टेंट असलेल्या माणसाला स्टॅटिनशिवाय ठेवणे योग्य नाही, म्हणून रोसुवास्टॅटिन 5 ने सुरुवात करून सहा आठवड्यांनी सीपीके व कोलेस्टेरॉल पाहू. माझी धाकटी बहीण म्हणते की जे औषध आईला जमिनीवरून उठू देईना, त्याच्या भावंडाला घरात येऊ देणार नाही. आईला विचारले तर ती म्हणते, तुम्ही दोघे ठरवा. मला दोघांचेही पटते.

शंतनू मिरज

बहिणीचे बरोबर वाटते. स्टॅटिन सोडून इझेटिमाइब नावाची गोळी मिळते, ती द्यावी. मला वाटते एकदा स्नायूंना अपाय झाला की पुन्हा धोका पत्करू नये.

कोयनाकाठ

बहिणीची भीती मी हलकी मानत नाही, तिने आईची अवस्था डोळ्यांनी पाहिली आहे. तरी माझे मत हृदयरोगतज्ज्ञांच्या बाजूने झुकते. अपाय कोणत्या परिस्थितीत झाला हे येथे कळलेले आहे आणि ती परिस्थिती आता दूर झाली आहे. अटॉर्वास्टॅटिन यकृतातील ज्या विकराद्वारे मोडले जाते, त्याद्वारे रोसुवास्टॅटिन फारसे मोडले जात नाही, त्यामुळे इट्राकोनाझोलसारख्या औषधांशी त्याचा संघर्ष पुष्कळ कमी असतो. आशियाई लोकांच्या रक्तात त्याची पातळी अधिक चढते, म्हणून 5 ने सुरुवात करणे उचितच आहे. काही डॉक्टर अशा वेळी ते एक दिवसाआड देतात. सुरू करताना आईंना आणि बहिणीला एकच सूचना द्या : खुर्चीवरून हात न टेकता उठणे दर रविवारी करून पाहायचे, आणि ते जमेनासे झाले तर तारखेची वाट न पाहता गोळी थांबवून त्याच दिवशी फोन करायचा.

इझेटिमाइब वाईट नाही. पण एकट्याने ते एलडीएल कोलेस्टेरॉल साधारण पाचव्या हिश्शानेच उतरवते आणि स्टेंट असलेल्यांसाठी ते सहसा अपुरे पडते. कमी डोसच्या स्टॅटिनला जोड म्हणून ते उत्तम. स्टॅटिन अजिबात न सोसणाऱ्यांसाठी बेम्पेडोइक आम्लाची गोळीही आता आपल्याकडे मिळते. सीपीके 27 पट गेल्यावर त्याच गटातील औषध पुन्हा द्यावे की नाही, यावर माझ्या समव्यवसायी मित्रांतही एकमत नाही, हे मी मान्य करतो. बहिणीला पुढच्या भेटीला सोबत न्या आणि तिला तिचे प्रश्न स्वतः विचारू द्या.

कृष्णामाई वाई

आणि आईंनाही बोलू द्या. ‘तुम्ही ठरवा’ म्हणणाऱ्या बाईच्या मनात बहुधा काहीतरी असते.

विश्रामबागकर

ताई, विचारतो. एक अडचण उरली आहे. इट्राकोनाझोल बंद केल्यापासून नायटा पुन्हा पसरू लागला आहे आणि आई रात्रभर खाजवते. गावातल्या दुकानदाराने टर्बिनाफिनच्या गोळ्या सुचवल्या. त्यांचा कोलेस्टेरॉलच्या गोळीशी काही संबंध नाही, असे तो म्हणाला. आणू काय?

औषधी सातारा

स्टॅटिनपुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे. परंतु आईंची रक्तदाबाची गोळी कोणती आहे ते पाहा. मेटोप्रोलोल असेल तर टर्बिनाफिनमुळे तिची पातळी वाढून नाडी मंदावू शकते. त्वचेच्या डॉक्टरांकडेच परत जा, फाईल आणि सर्व पट्ट्या सोबत घ्या. फक्त मलमावर भागते काय हेही त्यांना विचारा.

विश्रामबागकर

पट्टी पाहिली. मेटोप्रोलोल 25 आहे. सोमवारी फाईल घेऊन मीच आईबरोबर जातो.